नथ सोडून सगळं

मुलुंड
रविवार, १० ऑगस्ट २०२५

बाबा,

गुरुवारी ३१ जुलैला सकाळी साडेदहा वाजता, मुलुंडच्या पोस्टाच्या पायरीवर अक्षताच्या पत्राचं दुसरं पान उलटलं आणि माझं सगळं बदललं. त्याआधी मी फक्त कॉलेज सोडलेला, तुम्ही घराबाहेर काढलेला तुमचा मुलगा होतो. त्या पानानंतर मी काय झालो ते तुम्हीच ठरवा.

सोबत दोन पत्रं आहेत. एक तिचं, एक माझं. तिचं आधी वाचा. ते तुमच्या हातात २ तारखेलाच पडायला हवं होतं. पडलं नाही, कारण ते पोस्टात टाकायला तिने माझ्याकडे दिलं होतं आणि मी ते दहा दिवस खिशात घेऊन फिरलो.

माझा फोन तुम्ही उचलत नाही म्हणून लिहितोय असं समजू नका. आपल्या घरात मोठी गोष्ट कागदावरच मागायची, ही तुमची शिस्त. "तोंडी मागितलेलं मी तोंडावरच नाकारतो," म्हणायचात. चौथीत असताना बॅट हवी होती तर मी अर्ज लिहून तुमच्या टपालाच्या पिशवीत टाकला होता. संध्याकाळी मागच्या बाजूला लाल पेनाने उत्तर आलं होतं, "मंजूर. काचा फोडू नये." अक्षताने तीच शिस्त पाळली. मी पहिल्यांदाच पाळतोय, तीही उशिरा.

---

३० जुलै २०२५

तीर्थरूप बाबांस,
अक्षताचा नमस्कार.

फोनवर तुम्ही म्हणालात, "जमीन विकतो आणि फी भरतो, विषय संपला." माझ्यासाठी संपला नाही, म्हणून लिहिते.

तिसऱ्या वर्षाचे दोन लाख दहा हजार १८ ऑगस्टपर्यंत भरायचे आहेत, नाहीतर परीक्षेचा फॉर्म अडतो. माझा प्रवेश मॅनेजमेंट कोट्यातला, त्यामुळे मुलींची फी-माफी मला लागू नाही, आणि त्याच कारणाने बँकेने शैक्षणिक कर्जालाही नाही म्हटलं. पोस्टल सोसायटीतली तुमची दोन लाखांची ठेव जूनमध्ये सुटेल, त्याआधी मोडता येत नाही, हे तुम्हीच विचारून आलात. म्हणजे पैसे नाहीत असं नाही बाबा, पैसे दहा महिने लांब आहेत. दहा महिन्यांसाठी जमीन कायमची घालवायची?

तळीकडचे अठरा गुंठे विकायचे तर सात-बाऱ्यावर तुमच्यासोबत दोन्ही काकांची नावं आहेत. साठेखत झालं तरी खरेदीखताला त्यांच्या सह्या लागतील. एक काका बडोद्याला. घेणाऱ्याला आपली तारीख माहीत आहे, म्हणून तो भाव पाडून मागतोय. आणि सगळं करूनही १८ तारखेला हातात फक्त विसाराचे पैसे असतील.

आता माझं म्हणणं. आजीचं सोनं कपाटात आहे. दोन पाटल्या, पुतळ्यांची माळ आणि नथ. डब्यात आजीने ठेवलेली सोनाराची चिठ्ठी मी लहानपणी पाठ केली होती, साडेसत्तावन्न ग्रॅम. नथ धरत नाहीत, मोत्यांना कर्ज मिळत नाही. माळेचा दोरा, मणी, पाटल्यांच्या सांध्यांतला डाग वजा जाता मी पन्नास ग्रॅम धरते. मी दोन ठिकाणी विचारलं. ते बावीस कॅरटच्या ग्रॅमला सध्या नऊ हजार दोनशेच्या आसपास धरतात आणि किमतीच्या पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत देतात. म्हणजे तीन लाख पंचेचाळीस हजार मिळू शकतात. आपण तेवढे घ्यायचेच नाहीत. फक्त दोन लाख दहा. जेवढं कमी घेऊ तेवढं भाव पडला तरी सोनं सुरक्षित.

बँकेत नऊ टक्के व्याज सांगितलं. महिन्याला पंधराशे पंच्याहत्तर रुपये. ते मी भरीन, माझ्या दोन शिकवण्या आहेत. व्याज महिन्याच्या महिन्याला भरलं तर चढत नाही. जूनमध्ये ठेव सुटली की मुद्दल भरायची, वरचे दहा हजार मी जमवीन. दागिने आपल्यासमोर तोलून, पाकिटात घालून, सील करून ठेवतात. परत येताना तेच दागिने येतात, वितळवत नाहीत. बिल नसलं तरी आजीकडून आलेत असं लिहून द्यायचं. कर्ज तुमच्या नावावर राहील, म्हणून तुम्हाला दोन दिवसांसाठी गावाहून यावं लागेल.

तुम्ही म्हणाल ते गौरीचं सोनं आहे. मला माहीत आहे. दरवर्षी गावी नेताना आई डबा मांडीवर घेऊन बसते, झोपतसुद्धा नाही. पण बाबा, गौर ते तीन दिवस घालते. उरलेलं वर्ष ते कपाटात असतं. यंदा गौर नथीवर बसेल. पुढच्या वर्षी सगळं घालून बसेल. तळीकडची जमीन मात्र पुढच्या वर्षी परत येणार नाही.

आजीला विचारता आलं असतं तर तिने काय सांगितलं असतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

उत्तर मागच्या बाजूला लिहिलं तरी चालेल.

तुमची,
अक्षता

---

वाचलंत? आता माझं.

पाकीट देताना ती म्हणाली, "दादा, हिशोब बघ रे चुकलाय का. नंतर चिकटव आणि टाक." मी पायरीवर बसून वाचलं. पहिलं पान वाचताना मला तिचं कौतुक वाटत होतं. दुसऱ्या पानावर सोनं आलं.

हिशोब एकाच ठिकाणी चुकला होता. सोनं कपाटात नाही.

गेल्या वर्षी गणपतीहून परतल्यावर, १८ सप्टेंबरला, मी ते नेलं. आई भाजीला गेली होती. घाटकोपरच्या एका फायनान्स कंपनीच्या शाखेत तारण ठेवलं. नथ त्यांनी तिथेच परत दिली, ती डब्यात आहे. डबा हलका लागू नये म्हणून मी त्यात सायकलच्या बेअरिंगचे छर्रे फडक्यात बांधून ठेवले. आई दर शुक्रवारी त्या डब्यावरून हात फिरवते. वर्षभर ती छर्र्यांवरून हात फिरवत होती.

कशासाठी, ते तुम्ही विचाराल. दीप्ती. माझ्या वर्गातली, घाटकोपरची. तुम्ही तिला एकदाच पाहिलंत, आपल्या दारात, आणि "ही कोण?" एवढंच विचारलंत. तिच्यामुळे मी कॉलेज सोडलं असं तुम्ही म्हणता. ते खोटं आहे. मी नापास होत होतो आणि तिच्यासमोर नापास व्हायची लाज वाटत होती, म्हणून सोडलं. तिला नर्सिंगनंतर जर्मनीला जायचं होतं. भाषेचा कोर्स पुण्याला, होस्टेल धरून दीड लाखाच्या वर. तिच्या घरचे म्हणाले, लग्न कर. मी म्हटलं, मी देतो. साठवलेत म्हणून सांगितलं. ती रडली बाबा. त्या दिवशी मला वाटलं, आता ही जन्मभर माझी. किती बावळट असतो माणूस.

ती पास झाली. जूनपासून माझा फोन उचलत नाही. तिचा दोष नाही. तिने सोनं मागितलं नव्हतं, तिला ते माहीतसुद्धा नाही. मी अजूनही रोज एकदा तिचा नंबर लावतो. हे तुम्हाला सांगायची गरज नव्हती, पण एकदा लपवलं की काय होतं ते वर्षभर बघतोय.

तर पत्र खिशात राहिलं. चिकटवलेलंसुद्धा नाही. मनात म्हटलं, तुम्ही हो म्हणालात तर कपाट उघडणार. नाही म्हणालात तर जमीन जाणार आणि मी वाचणार. म्हणजे जमीन जावी असं मला वाटत होतं. त्यापेक्षा वाईट मी काही केलेलं नाही, सोनं नेलं त्याहूनही.

मंगळवारी ५ तारखेला मी शाखेत गेलो. तिथे श्यामकांत म्हणून सोनं तपासणारे आहेत. गेल्या वर्षी त्यांनीच कसोटीवर घासून, आम्ल टाकून बघितलं होतं, माळ पाण्यात बुडवून तोलली होती आणि म्हणाले होते, "पुतळ्या जुन्या आहेत, चोख. पाटल्यांना डाग आहे." सगळं मिळून बावीस कॅरटच्या हिशोबाने अठ्ठेचाळीस ग्रॅम धरलं. मी एक लाख साठ हजार घेतले, बारा टक्क्यांनी, वर्षाने मुद्दल-व्याज एकदम भरायचं. मुदत १७ सप्टेंबर. त्यानंतर नोटीस, मग लिलाव.

त्यांना म्हटलं, "काका, मुदत वाढवून मिळेल का?"

चष्म्यावरून बघून म्हणाले, "व्याज भर, नवीन करून देतो. भाव बघितलास का? तू ठेवलंस तेव्हा साडेसहा हजार होता. आता त्याच सोन्यावर तुला डबल मिळेल."

"किती?"

"अठ्ठेचाळीस गुणिले नऊ दोनशे, त्याचे पंच्याहत्तर टक्के. तीन लाख एकतीस हजार दोनशे. पण टोकाला गेलास ना, तर भाव पडला की फरक भरायला बोलावतील. आणि ऐक," त्यांनी माझी फाइल फिरवली, "दागिने माझे स्वतःचे आहेत, असं तू सही करून दिलंयस. आहेत ना?"

मी हो म्हटलं. दुसऱ्यांदा.

तीन लाख एकतीस वजा माझे एक साठ, म्हणजे एक लाख एकाहत्तर हजार दोनशे. अक्षताला हवेत दोन लाख दहा. मधलं अंतर अडतीस हजार आठशे. आणि माझं व्याज सतरा हजारांच्या वर. घाटकोपरहून भांडुपला रूमवर येईपर्यंत हा हिशोब डोक्यात फिरत होता. सीटखाली बाइक होती, आणि उत्तरही तिथेच होतं, हे मला कळायला भांडुप यावं लागलं.

तरीही मी सांगितलं नाही. काल शनिवारी आईचा फोन आला की तुम्ही १४ तारखेला साठेखतावर सही करणार. राखी होती. मी घरी आलो. अक्षताने ताट आणलं. मी हात मागे घेतला.

"काय झालं? दिवाळीत पैसे दिलेस तरी चालतील," ती हसत म्हणाली.

मी खिशातून तिचं पत्र काढून ताटात ठेवलं.

तिने ते उचललं. "हे... टाकलं नाहीस? दादा, दहा दिवस झाले! मी रोज बाबांच्या उत्तराची वाट बघतेय."

"कपाट उघड," मी म्हटलं.

तिने डबा जमिनीवर उपडा केला. फडकं सुटलं आणि छर्रे खोलीभर पळाले. फ्रिजखाली, पलंगाखाली. नथ तिच्या पायाजवळ पडली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती ओरडेल असं वाटलं. ती खाली बसली आणि एकेक छर्रा वेचायला लागली. तांदूळ सांडल्यावर वेचते तशी.

"आई, सोड ना ते," अक्षता म्हणाली.

"पायाखाली येतले," आई म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "तुझ्या आजयेन ती माळ गिरणीच्या संपात पण इकूक नाय. उपाशी रवली, पण नाय."

मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मी सगळं सांगितलं. दीप्ती, शाखा, श्यामकांत, आकडे. अक्षता ऐकताना पत्राच्या पाठीवर पेन्सिलीने हिशोब मांडत होती. रडत होती आणि मांडत होती.

"थोडक्यात, सोनं सोडवून बाबांच्या नावावर बँकेत ठेवायचं तर आधी पावणेदोन लाख रोख हवेत. ते आपल्याकडे नाहीत."

"नाहीत."

"आणि तुझ्याच कर्जावर वाढवून घेतले तर पैसे तुझ्याच खात्यात येणार."

"हो. ज्याचं कर्ज त्याच्याच खात्यात देतात. एवढी रोख देत नाहीत."

"वा!" ती म्हणाली. "म्हणजे माझी फी पुन्हा तुझ्या हातात. पोस्टात टाकायला दिलं तेव्हा काय केलंस माहितीये ना तुला?"

मी पलंगाखालचा एक छर्रा ओढून आईच्या हातात दिला.

आकड्यांखाली रेघ ओढून ती म्हणाली, "आई शाखेत येईल. सोनं घरचं आहे, तिची हरकत नाही, असं लिहून देईल. ती खोटी सही आधी दुरुस्त होईल, मग पैसे. शाखा नाही म्हणाली तर नाही. आणि बाबांना तू लिहायचंस. सगळं. मी नाही लिहिणार तुझ्यासाठी."

"राखी?"

"बाबांचं उत्तर आल्यावर."

आईने तुम्हाला फोन केला तेव्हा एवढंच सांगितलं की सही करण्याआधी एक कागद येतोय. तुम्ही म्हणालात, "येऊ दे." तो हाच.

बाबा, माझी मागणी एकच आहे, आणि ती माझ्यासाठी नाही. १४ तारखेला सही करू नका. अक्षताचा हिशोब बरोबर होता. सोनं चुकीच्या माणसाच्या नावावर आहे, एवढाच फरक. बाइक मी विकतो, अठ्ठावन्न हजारांना गिऱ्हाईक आहे. व्याज आणि फीमधली तूट त्यातून भरतो. नव्या कर्जाचं व्याज महिन्याला तीन हजार तीनशे बारा येईल, ते माझं. तुमच्या ठेवीतला रुपया माझ्या एक लाख साठ हजारांना लावायचा नाही. ते मी फेडीन. कधी, ते आज लिहिलं तर खोटं होईल.

यंदा गौरीच्या गळ्यात काही नसेल. ते माझ्यामुळे.

उद्या सकाळी पोस्ट उघडल्या उघडल्या स्पीड पोस्टने टाकतो. पावती अक्षताला दाखवायची आहे.

सुबोध

---

मुलुंड
शनिवार, १६ ऑगस्ट २०२५

बाबा,

परवा अक्षताच्या फोनवर फोटो आला. तिच्या पत्राची मागची बाजू, तिच्या पेन्सिलीच्या आकड्यांवरून तिरपं, लाल पेनाने: "सही केली नाही. माणसाला परत पाठवले. गौर नथीवर बसेल. फीची पावती पाठवणे." तिने तो आईला तीनदा वाचून दाखवला.

माझ्या पत्राच्या मागच्या बाजूचा फोटो आला नाही. मी विचारलं नाही.

आज आम्ही तिघं शाखेत गेलो. आईने कधी अशी जागा बघितली नव्हती. चप्पल बाहेर काढत होती, श्यामकांत म्हणाले, "अहो वहिनी, राहू दे." मी त्यांना सांगितलं की गेल्या वर्षीची सही खोटी होती, दागिने आजीचे, आईकडे आलेले. आत जाऊन मॅनेजरशी बोलून आले. आम्ही वीस मिनिटं बाकावर बसलो होतो. अक्षताने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मॅनेजरने मला आत बोलावून चांगलंच सुनावलं. पोलिसात गेलो असतो तर, म्हणाले. मग आईचं लेखी ना-हरकत जोडलं, जुनं खातं बंद करून नवीन केलं. पाकिटाचं सील आमच्यासमोर तोडलं, पुन्हा तोललं. तेवढ्यासाठी माळ टेबलावर आली.

आईने विचारलं, "हात लावू?"

श्यामकांत म्हणाले, "लावा की. तुमचीच आहे."

तिने पुतळ्या एकेक बोटाखालून नेल्या, मोजल्यासारख्या, आणि स्वतःच पुढे सरकवल्या. "घाला पाकिटात."

व्याज सतरा हजार चारशे चौसष्ट मी भरलं. एक लाख एकाहत्तर हजार दोनशे माझ्या खात्यात दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी आले. बाइक विकून उरलेले अडतीस हजार आठशे तिथे आधीच होते. खात्यात दोन लाख दहा हजार होते, बाबा, आणि माझ्या बाजूला अक्षता उभी होती, पण माझ्या फोनकडे बघत नव्हती. रस्त्याकडे बघत होती. मुद्दाम. मला वाटतं ती मला संधी देत होती, किंवा तिला बघवत नव्हतं. एक वाजून सोळा मिनिटांनी पैसे कॉलेजच्या खात्यात गेले. सहा मिनिटं लागली कारण माझा अंगठा घामाने ओला होता आणि फोन तो ओळखत नव्हता.

पावती आली. तिने ती वाचली, तारीख बघितली, आकडा बघितला, मग पर्समधून राखी काढली. आठ दिवस पर्समध्ये राहून तिचा गोंडा चपटा झाला होता. तिथेच, शाखेच्या जिन्यात, तिने ती बांधली. "ओवाळणी नको," म्हणाली. "दर महिन्याची पावती मला दाखवायची. कागद. स्क्रीनशॉट नाही."

श्यामकांतांनी निघताना सांगितलं ते तुम्हालाही कळवतो. आपण टोकापर्यंत घेतलंय. भाव पडला तर मधल्या मधे पैसे भरावे लागतील. म्हणून मी मनोरीला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम धरलंय. राहायला, जेवायला तिथेच. त्यामुळे पगारातून व्याज जाऊन काहीतरी मुद्दलीत पडेल. उद्यापासून.

सोबत फीची पावती, तारणाची पावती आणि आईच्या लेखी ना-हरकतीची प्रत. मूळ कागद अक्षताकडे आहेत. कर्ज माझ्या नावावर आहे, पण सोनं सोडवताना आई सोबत येईल, असं मी फाइलमध्ये लिहून दिलंय.

गणपतीला मी गावी येत नाही. गौरीला सजवताना आई डबा उघडेल, तेव्हा मी तिथे नसलेला बरा. डबा आता हलका आहे. छर्रे मी सगळे घेतलेत. एक सापडत नव्हता, तो आत्ता हे लिहिताना टेबलाच्या पायाजवळ मिळाला.

या पत्राला उत्तर मागत नाही. पण मागची बाजू कोरी ठेवतोय.

घराची किल्ली देव्हाऱ्याशेजारी, नथीच्या डब्यावर ठेवली आहे. आई आत झोपली आहे, अक्षता शिकवणीला गेली आहे. पोस्ट बंद व्हायला अर्धा तास आहे. पाकीट चिकटवतो. चपला घालतो. कडी बाहेरून लावता येत नाही, म्हणून दार आवाज न करता ओढून घेतो.

सुबोध